एका तावाचं पुस्तक

वर्तमानपत्राचा एक सुटा कागद घ्या. मधोमध घडी घाला, मग कागद फिरवून आणखी एक घडी. हातात चार पानं आली, म्हणजे आठ पृष्ठं. कुठलीही घडी न कापता, आत डोकावून, पेन्सिलीनं प्रत्येक पृष्ठावर १ ते ८ आकडे टाका आणि कागद पुन्हा उलगडा. एका बाजूला १, ४, ५ आणि ८ दिसतील, दुसऱ्या बाजूला २, ३, ६ आणि ७. प्रत्येक बाजूचे दोन आकडे सरळ असतील आणि दोन उलटे, डोक्यावर उभे.

सोळाव्या शतकातल्या छापखान्यात पुस्तकाचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात फायद्याचं रूप हेच होतं. एक ताव, दोन घड्या, आठ पृष्ठं. मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूनं १५१८ च्या वसंतात क्षमापत्रांविरुद्ध लिहिलेली जर्मन पुस्तिका याच मापाची होती. वीस मुद्दे, सगळा मजकूर जेमतेम दीड हजार शब्दांचा. छपाईनं युरोपातला धर्म कसा हलवला हे समजून घ्यायचं असेल तर गुटेनबर्गच्या भव्य बायबलपेक्षा या आठ पृष्ठांकडे बघणं जास्त उपयोगाचं आहे.

तरी सुरुवात बायबलपासूनच करू, कारण पैशाचं गणित तिथे स्वच्छ दिसतं. १४५५ च्या सुमारास माइंत्स गावात योहान गुटेनबर्गनं छापलेल्या बायबलला ६४३ पानं होती. ताव एकदाच दुमडला की दोन पानं होतात, म्हणजे एका प्रतीला साधारण ३२२ ताव. अंदाजे १८० प्रती काढल्या, म्हणजे जवळजवळ ५८,००० ताव, आणि त्यातल्या काही प्रती तर कागदावर नाही, वासराच्या कातड्यावर. शेवटचा ताव छापून होईपर्यंत एकही प्रत पूर्ण होत नाही, त्यामुळे एक पैसाही हातात येत नाही. कागद, धातू, मजुरी सगळं आधी घालायचं. गुटेनबर्गनं योहान फुस्ट नावाच्या सावकाराकडून दोनदा ८०० गुल्डेन उचलले होते. १४५५ मध्ये फुस्ट कोर्टात गेला, निकाल त्याच्या बाजूनं लागला आणि गुटेनबर्गच्या हातून धंद्याचा मोठा भाग गेला. पुढच्या पन्नास वर्षांत कितीतरी छापखाने याच कारणानं बुडाले. यंत्र उत्तम चाललं, पण जाड ग्रंथात पैसा अडकला.

याच माइंत्समध्ये याच काळात दुसरंही एक काम छापलं जात होतं: चर्चची क्षमापत्रं. पैसे दिले की पापाची शिक्षा माफ झाल्याचं हे लेखी प्रमाणपत्र. एक ताव, एकच बाजू, मध्ये नाव आणि तारखेसाठी कोरी जागा, आजच्या पावतीपुस्तकासारखंच. गिऱ्हाईक ठरलेलं, पैसे लगेच. छपाईचा धंदा तरला तो पुष्कळसा अशा किरकोळ कामांवर, आणि त्यातलं मोठं गिऱ्हाईक चर्च होतं. पुढे याच क्षमापत्रांवरून चर्चवर बाजू उलटली, हा योगायोग मजेशीर आहे.

आता यंत्राविषयी थोडं. दाब देणारा स्क्रू नवा नव्हता, द्राक्षं पिळायला तो वापरात होताच. नवी गोष्ट होती खिळे ओतायची रीत. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खोलगट साचा तयार होतो. तो साचा हातात धरायच्या लहान मुशीच्या तळाशी बसवायचा आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. मूस बाजूनं सरकवता येते, त्यामुळे अरुंद ‘i’ असो की रुंद ‘m’, खिळ्याची जाडी अक्षराप्रमाणे बदलते, पण उंची तीच राहते. धातू म्हणजे शिसं, त्यात कथील आणि अँटिमनी. नुसतं शिसं मऊ, दोन दिवसांत अक्षर चेपतं. अँटिमनीनं त्याला कडकपणा येतो आणि थंड होताना धातू फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराच्या कडा धारदार उतरतात. शाईही बदलावी लागली. पाण्याची शाई धातूवर थेंब होऊन घसरते, म्हणून जवसाचं तेल उकळून घट्ट करायचं आणि त्यात काजळी घोटायची.

आता ल्यूथरच्या पुस्तिकेच्या हजार प्रती काढायच्या आहेत असं धरू. गणित सोपं आहे. हजार प्रती म्हणजे हजार ताव, म्हणजे दोन रीम कागद. खिळे जुळवणारा कारागीर खणांच्या पेटीसमोर उभा राहून एकेक खिळा उचलतो, डाव्या हातातल्या पट्टीवर ओळ लावतो आणि ओळी एकाखाली एक रचून पृष्ठ बांधतो. चार पृष्ठं झाली की ती लोखंडी चौकटीत आपण सुरुवातीला उलगडून बघितलेल्या क्रमानं मांडायची, दोन सरळ, दोन उलटी, आणि लाकडी पाचरी ठोकून घट्ट आवळायची. हा झाला एका बाजूचा फर्मा. खिळे कमी असलेला छापखानाही एवढं करू शकतो: एक बाजू छापून झाली की खिळे सोडवून, धुऊन, पुन्हा खणांत टाकायचे आणि दुसऱ्या बाजूची चार पृष्ठं जुळवायची.

कागद आदल्या रात्री ओलसर करून ठेवलेला असतो. कोरडा कागद कडक असतो, शाई नीट घेत नाही आणि अक्षर पुसट उठतं. फार भिजला तर शाई फुटते आणि गठ्ठा पडून राहिला तर बुरशी धरते. यंत्रावर दोन माणसं लागतात. एकजण लोकर किंवा केस भरलेल्या चामड्याच्या दोन गोळ्यांनी खिळ्यांवर शाई थोपटतो. दुसरा ताव बसवतो, फर्मा दाबाखाली सरकवतो आणि दांडा ओढतो. दाब देणारी फळी तावाच्या निम्म्याएवढीच असते, म्हणून फर्मा पुढे सरकवून पुन्हा एकदा ओढायचं. अशी सवयीची जोडी दिवसाला हजाराच्या आसपास ताव काढते, तेही एका बाजूनं. दुसऱ्या दिवशी कागद ओला असतानाच दुसरी बाजू. वाळला की कागद आकसतो आणि दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींवर बसत नाहीत. मग दोरीवर वाळवायचं, दुमडायचं आणि विकायचं. शिलाई नाही, पुठ्ठा नाही. सोमवारी मजकूर हातात आला तर आठवडा संपायच्या आत माल बाजारात आणि पैसे परत यायला सुरुवात. बायबलला जिथे वर्षं लागत होती तिथे इथे दिवस.

घाईत चुका होतातच. ‘u’ चा खिळा उलटा पडला की ‘n’ सारखा दिसतो. चौकटीत पृष्ठ चुकीच्या जागी गेलं तर दुमडल्यावर ३ नंतर ६ येतं. छपाई चालू असताना चूक सापडली तर यंत्र थांबवून दुरुस्त करतात, पण आधी छापलेले ताव फेकत नाहीत, कारण कागद हा खर्चाचा मोठा भाग. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्यांत फरक सापडतात. क्षमापत्रांविरुद्धच्या ल्यूथरच्या प्रसिद्ध ९५ कलमांचंच बघा. १५१७ च्या अखेरीस ती तीन गावांत छापली गेली असं उरलेल्या प्रतींवरून दिसतं. लाइपत्सिगच्या छापखान्यानं आकडे देताना असा गोंधळ घातला की शेवटच्या कलमावर ८७ आकडा आला. न्यूरेंबर्गवाल्यानं पंचवीस-पंचवीसचे गट करून प्रत्येक गटाला पुन्हा १ पासून आकडे दिले. मजकूर तोच, पण कुणी ‘विसावं कलम’ म्हटलं तर ते कुठलं, हे हातात कुठली प्रत आहे त्यावर ठरायचं. छापील म्हणजे अचूक आणि सगळीकडे सारखं, ही आपली समजूत त्या काळाला लागू होत नाही.

९५ कलमं लॅटिनमध्ये होती, विद्वानांच्या वादासाठी. सामान्य वाचकापर्यंत गोष्ट पोचली ती १५१८ च्या जर्मन पुस्तिकेनं. आणि इथे या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. पुस्तकांचे गठ्ठे गाडीत घालून गावोगाव नेले म्हणून ती पसरली नाही. एकच प्रत कुणाच्या तरी खिशातून दुसऱ्या गावी पोचायची, तिथला छापखानेवाला ती समोर ठेवून खिळे जुळवायचा आणि आपली हजारभर प्रत काढायचा. ल्यूथरच्या विटेनबर्गहून लाइपत्सिग, न्यूरेंबर्ग, आउग्सबुर्ग, बाझेल. दोन वर्षांत या पुस्तिकेच्या वीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या. लेखकाची परवानगी लागत नव्हती. ल्यूथर लेखनाचं मानधन घेत नव्हता. राजानं किंवा नगरानं एखाद्याला दिलेला छपाईचा खास हक्क त्याच्या हद्दीपुरताच चालायचा. आज आपण ज्याला चोरी म्हणू तीच त्या काळची वितरणव्यवस्था होती.

छापून झालेला मजकूर पुन्हा जुळवणं हस्तलिखितापेक्षा सोपंही असतं. अक्षर लागतं, ओळी मोजलेल्या असतात, किती ताव लागतील ते आधीच कळतं. आणि धोका कमी, कारण पुस्तिका खपते हे पहिल्या गावानं सिद्ध केलेलं असतं.

हे जमलं याला जर्मन मुलखाचा नकाशाही कारण होता. नावाला एक सम्राट, पण प्रत्यक्षात शेकडो लहानमोठी राज्यं आणि स्वायत्त नगरं. मे १५२१ मध्ये सम्राटानं वर्म्स गावी काढलेल्या आदेशानं ल्यूथरची पुस्तकं छापायला, विकायला, बाळगायला बंदी झाली. अंमल करायचा कुणी, तर स्थानिक सत्तेनं. सॅक्सनीचा ड्यूक गेओर्ग ल्यूथरचा कट्टर विरोधक. त्यानं आपल्या लाइपत्सिगमध्ये बंदी खरोखर अमलात आणली. परिणाम काय झाला? १५२४ मध्ये नगरसभेनंच ड्यूककडे गाऱ्हाणं मांडलं: छापखानेवाले बुडत चाललेत, जे खपतं ते छापू देत नाही आणि जुन्या धर्माच्या बाजूची पुस्तकं भरपूर पडून आहेत, ती फुकटसुद्धा कुणी नेत नाही. छपाईचा धंदा लाइपत्सिगहून साठेक किलोमीटरांवरच्या विटेनबर्गकडे वळला, जिथे दुसऱ्या राजाचा अंमल होता.

हे विटेनबर्ग म्हणजे दोनेक हजार वस्तीचं गाव. १५१७ मध्ये तिथे एकच छापखाना, तोही संथ. ल्यूथर त्याच्या कामाला कंटाळला होता. १५१९ च्या अखेरीस लाइपत्सिगच्या मेल्खिओर लोटरनं तिथे शाखा काढून मुलाला बसवलं. दरबारी चित्रकार लुकास क्रानाख पुस्तिकांच्या पहिल्या पृष्ठासाठी लाकडी ठशांच्या नक्षीदार चौकटी करू लागला. मध्ये मोठ्या अक्षरात ल्यूथरचं नाव आणि खाली ‘विटेनबर्ग’. ऑगस्ट १५२० मधल्या एका पुस्तिकेच्या ४,००० प्रती काही दिवसांत संपल्या. त्या काळी हजाराची आवृत्ती नेहमीची होती हे लक्षात घ्या. ‘विटेनबर्ग’ या शब्दाला अशी किंमत आली की बाहेरचे छापखानेही तो खोटाच छापू लागले. १५२४ मध्ये आठ भक्तिगीतांची एक पुस्तिका निघाली, वर ‘विटेनबर्ग’, छापलेली मात्र न्यूरेंबर्गला. शेवटी ल्यूथरला आपल्या बायबल-भाषांतरावर गुलाब आणि निशाण धरलेलं कोकरू अशी खूण टाकून ‘हा अस्सल माल’ असं सांगावं लागलं.

पण वाचणारे होते किती? सगळ्या जर्मन मुलखात शंभरात पाचेक माणसं वाचू शकत असावीत, शहरांत त्याहून बरीच जास्त, असा इतिहासकारांचा अंदाज. मग एवढ्या पुस्तिका कुणासाठी? उत्तर असं की एक वाचतो आणि दहा ऐकतात. खाणावळीत, कारागिरांच्या दुकानात, चर्चमधल्या प्रवचनात. आपल्याकडे पोथी लावतात तसंच. आठ पृष्ठांचा मजकूर एका बैठकीत वाचून होतो, आणि लहान वाक्यं, सुटे मुद्दे, हे ल्यूथरचं लिखाण कानासाठीच केल्यासारखं आहे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी चित्रं होती. १५२१ मध्ये क्रानाखनं चित्रांच्या तेरा जोड्यांची पुस्तिका काढली: डावीकडे शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त, उजवीकडे स्वतःच्या पायाचं चुंबन घ्यायला लावणारा पोप. शेजारी-शेजारी ठेवलं की बोलायची गरज उरत नाही.

सप्टेंबर १५२२ मध्ये ल्यूथरचा जर्मन ‘नवा करार’, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आला. हा जाड ग्रंथ, प्रती काही हजार, आणि तरी डिसेंबरमध्येच दुसरी आवृत्ती काढावी लागली. पहिल्या आवृत्तीतल्या एका चित्रात बायबलमधल्या बाबिलोनच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता. त्यावरून ओरड झाल्यावर डिसेंबरमध्ये लाकडी ठशातला मुकुटाचा वरचा भाग तासून काढला. बाझेलच्या आडाम पेट्रीनं हा ग्रंथ पुन्हा छापताना मागे शब्दार्थांची यादी जोडली, कारण ल्यूथरची पूर्वेकडची जर्मन तिथल्या वाचकांना अडायची. अशा पुनर्मुद्रणांमधूनच हळूहळू सगळ्यांना कळेल अशी लेखी जर्मन घडत गेली. गंमत म्हणजे १५२७ मध्ये ड्यूक गेओर्गच्या पदरच्या हिएरोनिमुस एमझरनं कॅथलिकांसाठी उतारा म्हणून जो नवा करार काढला, त्यातली बरीच वाक्यं ल्यूथरचीच होती.

मात्र पुन्हा छापायची मोकळीक सगळ्यांनाच असते. १५२५ मध्ये मेमिंगेनच्या शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या छापल्या: वेठ कमी करा, जंगल-नदीवरचा हक्क परत द्या, पाद्री निवडायचा अधिकार गावाला द्या, आणि प्रत्येक मागणीला बायबलचा आधार. काही महिन्यांत पंचवीसच्या आसपास आवृत्त्या निघाल्या. हे ल्यूथरच्याच पुस्तिकेचं तंत्र, पण त्याला ते मान्य नव्हतं. त्यानं शेतकऱ्यांना चिरडून काढा असं सांगणारी पुस्तिका लिहिली. उठाव मोडला गेला आणि त्यानंतर पुस्तिकांचा पूरही ओसरला.

माझ्या मते खरी साक्षरता यानंतर सुरू होते, आणि ती फार कमी रोमांचक आहे. १५२८ च्या सुमारास सॅक्सनीच्या विटेनबर्गकडच्या भागातली गावं तपासली तेव्हा ल्यूथरला आढळलं की खेडुतांना आणि कित्येक पाद्र्यांनाही साध्या प्रार्थना येत नाहीत. नुसतं बायबल हातात देऊन भागत नाही, हे कळल्यावर १५२९ मध्ये त्यानं प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका काढली. तिचे काही भाग आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले होते. मुलं ते पाठ करायची, आणि पाठ असलेल्या मजकुरावर बोट ठेवत अक्षरं ओळखायला शिकायची. या वाटेचं टोक स्वीडनमध्ये दिसतं. तिथे १६८६ च्या चर्च-कायद्यानं प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे असं ठरलं, आणि पाद्री घरोघर परीक्षा घेऊ लागले. शाळा फारशा नसताना बहुतेक लोक वाचायला शिकले, पण त्यातल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. लिहिणं चर्चनं मागितलंच नव्हतं.

हेच यंत्र ६ सप्टेंबर १५५६ ला गोव्यात उतरलं. ते निघालं होतं ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण राहिलं गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात, आणि त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. मात्र विटेनबर्गला जे घडलं त्यातलं इथे फारसं काही घडलं नाही. पुन्हा छापणारा शेजारचा छापखाना नव्हता, हद्द ओलांडून पळायला दुसरं राज्य नव्हतं, आणि यंत्र चर्चच्याच हातात होतं. शिवाय लिपीचा प्रश्न. थॉमस स्टीफन्स या मराठी जाणणाऱ्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानं १६०८ मध्ये वरिष्ठांना लिहिलं की इथल्या लिपीत छापायचं तर सहाशे साचे लागतील, आपल्याकडे चोवीसच पुरतात. आकडा फुगवलेला नव्हता. क, का, कि, कु, क्र, क्त, क्ष. रोमनमध्ये एका खिळ्याशेजारी दुसरा लावला की भागतं, इथे काना-मात्रा बाजूला, वर आणि खाली येतात आणि जोडाक्षरं वेगळीच. प्रत्येक साच्यामागे एक पोलादी ठसा कोरायचा, आणि कोरणारा तर हवा. जोडाक्षरं जवळजवळ नसलेली तमिळ १५७८ मध्येच कोल्लमला छापली गेली होती, देवनागरी मात्र अडून बसली. १६७० च्या दशकात सुरतेच्या भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडून छपाई जाणणारा माणूस मागवला. तो आलाही, पण त्याला छापता येत होतं, खिळे कोरता येत नव्हते. छापील मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांसह निघालं ते १८०५ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरला.

स्टीफन्सनं वाट काढली ती रोमन लिपीची. मराठी ओव्यांमधलं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. मराठी वाचणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. वाचायचा तो पाद्री, आणि नवख्रिस्ती लोक चर्चमध्ये बसून ऐकायचे. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापायला घेतलं, तेव्हा आधाराला होती लोकांनी हातानं उतरून ठेवलेली बाडं.